टायफॉईडचे जंतू मरतात, मग रोगी का मरत नाही?

"डॉक्टर, जंतू मारणारी गोळी आपल्याला कशी मारत नाही?" टायफॉईडने आजारी असलेल्या एका कॉलेजकुमाराच्या वडिलांनी मला हे विचारले. प्रश्न रास्त आहे. फिनेलही जंतू मारते, पण ते कोणी पीत नाही! प्रतिजैविक औषध निवडून मारते, कारण जंतूच्या पेशीतील काही यंत्रे आपल्यापेक्षा वेगळी असतात.

या मुलाने दुकानातून सिप्रोफ्लॉक्सासिन आणून पाच दिवस घेतले होते. ताप हटला नाही. हे औषध जायरेज नावाच्या यंत्रावर घाव घालते. टायफॉईडचा जंतू मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा, पण त्याच्यातील डीएनएचा धागा सरळ केला तर दीड मिलिमीटर भरेल. हा धागा पीळ देऊन आटोपशीर ठेवण्याचे काम जायरेज करते. त्यासाठी ते धागा कापते, दुसरा पदर त्या फटीतून पलीकडे नेते आणि पुन्हा जोडते. सिप्रो नेमके कापल्यानंतर त्याला पकडून ठेवते. धागा तुटकाच राहतो आणि जंतू मरतो. आपल्या पेशीत असेच काम करणारे यंत्र आहे, पण त्याची घडण निराळी. त्याला अडवायला औषधाची मात्रा कितीतरी पट जास्त लागेल.

मग येथे काय बिघडले? रक्ताच्या कल्चरमध्ये टायफॉईडचाच जंतू वाढला, पण सिप्रोला दाद न देणारा. जायरेजमधील एखादा घटक बदलला तरी औषधाची पकड सैल होते. आपल्याकडे असे जंतू आता सर्रास आढळतात. म्हणूनच औषधाच्या पहिल्या गोळीआधी कल्चरसाठी रक्त घेतलेले बरे.

मी ॲझिथ्रोमायसिन दिले. त्याचे लक्ष्य रायबोसोम, म्हणजे पेशीतील प्रथिने बनवण्याचा कारखाना. तयार प्रथिन ज्या बोगद्यातून बाहेर पडते, तेथेच हे औषध बूच मारते. आपल्या रायबोसोममध्ये त्या मोक्याच्या जागी रासायनिक अक्षर वेगळे आहे, म्हणून बूच नीट बसत नाही. ताप पाचव्या दिवशी उतरला. त्याआधी घरच्यांनी दोनदा "औषध बदला" म्हटले. पण टायफॉईडचा ताप योग्य औषधानेही लगेच उतरत नाही.

हा फरक शंभर टक्के मात्र नाही. आपल्या पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकाँड्रियाचे स्वतःचे रायबोसोम असतात आणि ते जंतूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते आहेत. पूर्वी टायफॉईडला सर्रास दिले जाणारे क्लोरॅम्फेनिकॉल त्यांनाही अडवते. म्हणून जास्त मात्रेत, जास्त दिवस दिले की हाडांच्या मगजात रक्तपेशी बनणे मंदावते. ते देताना आम्ही रक्त तपासत असू ते यासाठीच.

जाता जाता वडील म्हणाले, "धाकटीला सर्दी झालीय, यातल्याच दोन गोळ्या देऊ?" सर्दीच्या विषाणूला स्वतःचा रायबोसोम नसतो, तो आपलाच वापरतो. जायरेजही त्याच्याकडे नाही. गोळी पकडणार कशाला?