ग्राहकाच्या घरचं दुःख आणि आपलं पत्र

व्यवसायातल्या माणसाच्या घरी मृत्यू झाला की कंपनीतून जे पत्र जातं, ते बहुतेक वेळा असं असतं: 'आपल्या वडिलांच्या दुःखद निधनाची बातमी ऐकून अतीव दुःख झाले. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व आपणा सर्वांना हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो. आमचा संपूर्ण परिवार आपल्या दुःखात सहभागी आहे.' वर लोगो, खाली शिक्का. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण गेलेल्या माणसाचं नाव यात नाही, आणि हेच पत्र उद्या दुसऱ्या कुणालाही जसंच्या तसं पाठवता येईल. वाचणाऱ्याला हे पहिल्या ओळीतच कळतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमचा कोल्हापूरला पुठ्ठ्याच्या पेट्यांचा कारखाना आहे आणि नाशिकचे एक द्राक्ष निर्यातदार तुमचे जुने ग्राहक आहेत. त्यांचे वडील गेले. गावात आणि तुमच्याकडेही सगळे त्यांना अण्णा म्हणत. व्यवहार मुलाच्या हाती आला तरी हंगामाआधी पेटी बघायला अण्णा स्वतः येत. अशा वेळी पत्र लिहायला बसण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: अण्णांची कुठली गोष्ट आपण स्वतः पाहिली आहे? ती सापडली की निम्मं पत्र झालं. मग ते साधारण असं होईल:

'आदरणीय साहेब,
अण्णा गेल्याचं काल कळलं. फार वाईट वाटलं. दर हंगामाआधी ते कारखान्यात येत, पेटी उलटी करून तिच्यावर स्वतः उभे राहत आणि मगच होकार देत. आमच्या मशीनवरची जुनी माणसं अजून "अण्णांची पेटी" म्हणूनच तो माल ओळखतात. त्यांच्या जाण्याने आपल्या घरावर जो प्रसंग आला आहे, त्यात आम्ही सगळे आपल्यासोबत आहोत. आईंना आमचा नमस्कार सांगावा. या पत्राला उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये.'

साठेक शब्द. यापेक्षा फार मोठं लिहू नये, कारण त्या घरात फोन सतत वाजत असतो आणि माणसं येत-जात असतात. लांबलचक पत्र लिहिण्याचा हक्क जवळच्या मित्राचा. व्यावसायिक नात्याने आपली मर्यादा ओळखावी. ज्यांना आपण कधी भेटलोच नाही, त्यांच्याबद्दल आठवण रचू नये. तिथे दोन-तीन वाक्यं पुरतात: 'आपल्या मातोश्रींना भेटण्याचा योग आला नाही. आपल्या बोलण्यात त्यांचा उल्लेख नेहमी असायचा.' तोही नसायचा, तर बातमी कळल्याचं आणि दुःख झाल्याचं लिहून थांबावं. मृत्यूचं कारण विचारू नये, आजारपणाचा पाढा वाचू नये. नव्वदीतले आजोबा गेले तर घरची माणसं 'सोनं झालं' म्हणतील, ते त्यांनी म्हणायचं. बाहेरच्याने लिहायचं नाही.

शब्द निवडताना समोरचं घर कुणाचं आहे, हे पाहावं लागतं. 'मृतात्म्यास शांती' ही ओळ आपल्या हाताला इतकी सवयीची झाली आहे, की ती बौद्ध कुटुंबालाही जाते, जिथे आत्म्याची कल्पनाच मानली जात नाही. नावाआधी 'कै.' लिहिण्याची सवयही तशीच. लिंगायत घरात लिंगैक्य म्हणतात, वारकरी घरात वैकुंठवासी. नक्की माहीत नसेल तर 'दिवंगत' सगळीकडे चालतं, आणि 'आपल्या दुःखात सहभागी आहोत' हे वाक्य कुठल्याच घरात खटकत नाही. सर्वांत जास्त दुखावणारी चूक मात्र पाकिटावर होते. पती गेलेल्या ग्राहक बाईंना जुन्या यादीतलं लेबल चिकटवून पत्र जातं आणि त्यावर छापलेलं असतं 'सौ.'. आतला मजकूर कितीही चांगला असो, तो मग कोण वाचणार? तिथे 'श्रीमती' लिहावं, किंवा नुसतं नाव आणि आडनाव.

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी त्याच दिवशी जायला हरकत नाही. फक्त त्या ग्राहकाच्या स्वतःच्या नंबरवर जाव्यात. वितरकांच्या ग्रुपवर पन्नास जणांच्या हात जोडलेल्या चिन्हांत आपलं एक चिन्ह मिसळण्यात काही अर्थ नाही. कागदावरचं पत्र दशक्रियेच्या आत पोचावं. बातमी महिन्याने कळली तरी लिहावं. 'आजच कळलं' एवढं सांगितलं की पुरे. कंपनीतून पत्र एकच जावं, आणि सही त्या ग्राहकाशी रोज बोलणाऱ्या माणसाची असावी. मालकांची ओळख असेल तर त्यांनी खाली हाताने एक ओळ लिहावी.

पत्रात कामाचा शब्द नको. 'थकीत रकमेची घाई नाही' हे वाक्य उदार वाटतं, पण त्यानेच थकबाकीची आठवण होते. काम थांबत नसेल तर ते वेगळ्या वाटेने न्यावं. एखाद्या सनदी लेखापालाच्या ग्राहकाकडे १७ तारखेला मृत्यू झाला आणि दरमहा भरायचं जीएसटीआर-३बी विवरणपत्र २० तारखेला भरायचं असेल, तर मुदत दुखवट्यासाठी थांबत नाही. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागतं. अशा वेळी सांत्वनाचा संदेश त्या ग्राहकाला जातो. ओटीपीसाठी फोन जातो तो त्यांच्या हिशेबनिसाला किंवा भागीदाराला, आणि तोही दुसऱ्या दिवशी. हे दोन निरोप एका संदेशात आले की पहिला दुसऱ्याची प्रस्तावना वाटू लागतो.

खरा घात पत्रानंतर होतो, आणि तो यंत्र करतं. सकाळी सांत्वनाचं पत्र गेलेलं असतं आणि दुपारी बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून आपोआप संदेश सुटतो: 'आपले बिल ४५ दिवसांपासून थकीत आहे.' म्हणून पत्र लिहायला घेण्याआधी हिशेब विभागाला सांगून त्या खात्याचे स्वयंचलित संदेश तेराव्यापर्यंत बंद करावेत, आणि विक्रीच्या मुलांनाही कळवावं. गेलेल्या व्यक्तीचं नाव आपल्याच यादीत भागीदार म्हणून असेल, तर वाढदिवसाच्या शुभेच्छांमधून ते त्याच दिवशी काढावं. एका माणसाने हे काम अंगावर घेतलं नाही तर ते होत नाही. 'सगळ्यांना सांगितलंय' म्हणजे कुणालाच सांगितलेलं नसतं.

आणि त्या वर्षीची दिवाळी लक्षात ठेवा. आपल्याकडे अनेक घरांत मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत. नातेवाईक आणि शेजारी आणून देतात. त्या पत्त्यावर पणत्यांचं आणि फटाक्यांचं छापील कार्ड धाडू नका. आपल्यापैकी कुणीतरी जाऊन फराळाचा साधा डबा द्या, दहा मिनिटं बसा, आणि ऑर्डरचा विषय त्या दिवशी काढू नका.