गावं विखुरलेली की गोळा झालेली?

नकाशावरची गावं एकमेकांना चिकटून आहेत की अंतर राखून, हे नुसत्या नजरेने ठरवणं फसवं. 1954 साली क्लार्क आणि इव्हान्स यांनी वनस्पतींच्या विखुरणीसाठी एक मोजमाप सुचवलं, ते पुढे भूगोलवाल्यांनी गावांना लावलं.

समजा, नकाशावरच्या 90 चौरस किलोमीटरच्या चौकटीत 10 गावं आहेत. प्रत्येक गावापासून त्याच्या सर्वांत जवळच्या गावापर्यंतचं सरळ अंतर मोजायचं. दोन गावं परस्परांची शेजारी असली, तर तेच अंतर दोनदा धरायचं. विद्यार्थी हमखास इथेच चुकतात. बेरीज 21 आली, म्हणजे सरासरी 2.1 किलोमीटर.

गावं निव्वळ योगायोगाने पडली असती, तर सरासरी किती आली असती? क्षेत्रफळाला गावांच्या संख्येने भागा (9), वर्गमूळ काढा (3), निम्मं करा: 1.5. आता 2.1 भागिले 1.5, म्हणजे 1.4. निर्देशांक 1 च्या आसपास असला तर योगायोग, 0 कडे झुकला तर पुंजके, आणि 2.15 म्हणजे अगदी समान अंतरावरची मांडणी. आपली गावं समान मांडणीकडे झुकलेली. दहाच गावं असली तरी सांख्यिकी कसोटीत (मूल्य 2.4, मर्यादा 1.96) हा फरक टिकतो.

खरी गोम चौकटीत आहे. आजूबाजूचं ओसाड रान धरून तीच चौकट 250 चौरस किलोमीटरची केली, की निर्देशांक 0.84 वर येतो. गावं जागची हललेली नसतात!