शेंगेतले तीनास एक

संकरित वाटाण्याची वाळलेली शेंग फोडली की गोल, गुळगुळीत दाण्याला खेटून सुरकुतलेला दाणा बसलेला सापडतो. फूल तेच, शेंग तीच, आईबाप तेच, आणि तरी सख्खी भावंडे अशी वेगळी! ब्रूनच्या मठात ग्रेगोर मेंडेलने असे ७३२४ दाणे मोजले. ५४७४ गोल निघाले, १८५० सुरकुतलेले. हे प्रमाण जवळजवळ तीनास एक आहे, आणि ते कुठून येते हे चार घरांच्या एका चौकटीत दिसते. ही चौकट मेंडेलची नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंब्रिजच्या रेजिनाल्ड पुनेट यांनी ती रूढ केली, म्हणून तिला पुनेट चौकट म्हणतात.

गणित सुरू होते अक्षरांपासून. गोलपणा प्रभावी, म्हणून त्याला R. सुरकुतलेपणा अप्रभावी, त्याला r. गोलला एक अक्षर आणि सुरकुतलेल्याला भलतेच दुसरे, असे पुष्कळ जण लिहितात आणि तिथेच फसतात, कारण ही एकाच जनुकाची दोन रूपे आहेत हेच मग नजरेआड होते. r म्हणजे नेमके काय, हे १९९० मध्ये उलगडले. स्टार्चच्या साखळ्यांना फांद्या फोडणाऱ्या विकराच्या जनुकात डीएनएचा एक तुकडा घुसलेला असतो, त्यामुळे ते विकर नीट बनत नाही. दाण्यात स्टार्च कमी आणि साखर जास्त राहते, साखरेमुळे पाणी जास्त शिरते, आणि वाळताना ते पाणी गेले की फुगलेली साल चुरगळते. Rr दाण्यात एक धड जनुक पुरेसे काम करते, म्हणून तो गोलच दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्याचे स्टार्चचे कण RR आणि rr यांच्या मधले दिसतात. प्रभावी की अप्रभावी, हे आपण कोणत्या पातळीवर बघतो त्यावरही ठरते तर!

आता शुद्ध गोल RR आणि सुरकुतलेला rr यांचा संकर. पहिल्या पिढीचे सगळे दाणे Rr, म्हणजे सगळे गोल. ते पेरायचे आणि त्यांच्या फुलांचे स्वपरागण होऊ द्यायचे. चौकट भरण्याआधी युग्मके लिहायची. प्रत्येक युग्मकात जोडीतले एकच अक्षर जाते, त्यामुळे Rr झाडाची निम्मी युग्मके R आणि निम्मी r. ती चौकटीच्या दोन कडांवर मांडली की घरे आपोआप भरतात.

```
        R     r
   R    RR    Rr
   r    Rr    rr
```

एक RR, दोन Rr, एक rr. पहिली तिन्ही घरे गोल, एक सुरकुतलेले. वाटाण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: दाण्याचा आकार आतल्या गर्भाच्या जनुकांवर ठरतो, आणि तो गर्भ म्हणजे पुढची पिढी. म्हणून Rr झाडाला लागलेल्या शेंगेतच दुसरी पिढी दिसते. फुलाचा रंग बघायचा तर दाणा पेरून आणखी एक हंगाम थांबावे लागते. पिढी मोजण्यात एकाने चूक होते ती बहुधा इथे.

चार घरे म्हणजे चार दाणे, हा गैरसमज फार चिवट आहे. घर सांगते ते प्रत्येक दाण्याची शक्यता, आणि आधीचा दाणा कसा निघाला याचा पुढच्यावर काही परिणाम होत नाही. चार दाण्यांच्या शेंगेत नेमके तीन गोल आणि एक सुरकुतलेला निघण्याची शक्यता २५६ मध्ये १०८, म्हणजे सुमारे ४२ टक्के. चारही गोल निघण्याची शक्यता २५६ मध्ये ८१! मेंडेलला एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले मिळाले, दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. हजारोंनी दाणे मोजले तेव्हाच तीनास एक ठळक झाले.

आता खरा कस लावणारा प्रश्न. दुसऱ्या पिढीतला एक गोल दाणा उचलला. तो Rr असण्याची शक्यता किती? ‘चारांत दोन, म्हणजे निम्मी’ हे उत्तर सहज तोंडात येते, आणि ते चुकीचे आहे. दाणा गोल आहे हे आपण पाहिले आहे, तेव्हा rr चे घर बाद झाले. उरली तीन घरे, त्यांतली दोन Rr. शक्यता दोन तृतीयांश. मेंडेलने हे पेरून पाहिले. गोल दाण्यांपासून वाढवलेल्या ५६५ झाडांपैकी १९३ झाडांना फक्त गोल दाणे लागले आणि ३७२ झाडांना दोन्ही प्रकारचे. ५६५ चे दोन तृतीयांश म्हणजे सुमारे ३७७. डोळ्यांना एकसारखे दिसणारे दाणे आतून दोन जातींचे आहेत, हे जनुक हा शब्दही नव्हता तेव्हा एका माणसाने निव्वळ मोजून ओळखले! मला या प्रयोगातला हाच भाग सगळ्यांत थोर वाटतो.

याच दाण्याच्या झाडाचा सुरकुतलेल्याशी संकर केला तर एखादा दाणा सुरकुतलेला निघण्याची शक्यता किती? झाड Rr असण्याची शक्यता २/३, आणि तसे असेल तर r युग्मक जाण्याची शक्यता १/२. गुणाकार १/३. इथे एकच चौकट मांडून भागत नाही. आधी झाडाची शक्यता, मग युग्मकाची, या क्रमाने जावे.

दोन गुण एकदम आले की गडबड पुन्हा कडेवरच होते. दाण्याचा पिवळा रंग Y, हिरवा y. RrYy झाडाच्या युग्मकात प्रत्येक जोडीतले एकेक अक्षर हवे: RY, Ry, rY, ry. कडेवर Rr किंवा Yy लिहिलेले दिसले की पुढे जाऊच नये; एकाच जोडीची दोन्ही अक्षरे एका युग्मकात मावत नाहीत. चार गुणिले चार अशी सोळा घरे भरली की ९:३:३:१ मिळते. मेंडेलच्या ५५६ दाण्यांत ३१५ गोल पिवळे, १०८ गोल हिरवे, १०१ सुरकुतलेले पिवळे आणि ३२ सुरकुतलेले हिरवे होते. सोळा घरे टाळायची तर गुण वेगळे सोडवून गुणाकार करावा: सुरकुतलेला १/४, हिरवा १/४, दोन्ही १/१६.

हा गुणाकार चालतो तो दोन जनुके स्वतंत्रपणे वाटली जातात तेव्हाच. ती एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असली तर सोबत जातात, चारही युग्मके सारख्या प्रमाणात बनत नाहीत, आणि ९:३:३:१ मोडते. हा मोड पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो गोड वाटाण्याच्या फुलाच्या रंगात आणि परागकणांच्या आकारात, आणि तो टिपणाऱ्या तिघांत बेटसन आणि सॉन्डर्स यांच्यासोबत स्वतः पुनेटही होते. तेव्हा गणितात ‘जनुके सहलग्न आहेत’ असे दिले असेल, तर कडेवरची युग्मके सम प्रमाणात मांडू नका. कोणते युग्मक किती टक्के बनते हे आधी लिहा, मगच घरे भरा.