पाळीच्या दुखण्यासाठी रजेचा अर्ज: काय लिहावं, मालकाने काय मागावं

गोराईतल्या माझ्या दुकानात काउंटरवर काम करणारी मुलगी सलग तीन महिने अचानक सुट्टी घेत होती. सकाळी आठला मेसेज, "सर बरं नाही, येत नाही." मला वाटलं, दांडी मारतेय. शेवटी माझ्या बायकोने तिच्याशी बोलून खरं कारण काढलं. पाळीत तिला उभं राहवत नव्हतं आणि डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या. मला सांगायची तिला लाज वाटत होती. मग आम्ही मिळून हा अर्ज तयार केला:

"सर, पाळीत माझ्या पोटात खूप दुखतं, तीन महिने गोळीनेही थांबत नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली आहे. सोमवार 10 आणि मंगळवार 11 ला आजारपणाची रजा द्यावी. सोनोग्राफी गुरुवार 20 ला सकाळी आहे, त्या दिवशी दुपारी दोनला येईन. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. ऑर्डरची वही काउंटरवर ठेवली आहे."

बघा, यात दोन वेगळ्या रजा आहेत. एक दुखण्याची, दुसरी तपासणीची. तपासणीची तारीख दुखण्याच्याच दिवशी मिळेल असं नाही, म्हणून दोन्ही आधीच लिहिल्या की मालकाला माणसाची सोय करता येते. "पाळी" हा शब्द लिहायचा नसेल तर "पोटदुखीसाठी तपासण्या चालू आहेत" एवढंही पुरतं.

आता मालकाची बाजू. पुरावा म्हणून केस पेपर किंवा डॉक्टरांची चिठ्ठी बघा, पण सोनोग्राफीचा रिपोर्ट मागू नका. एक तर ती तिची खासगी गोष्ट. दुसरं म्हणजे, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. एंडोमेट्रिओसिस नावाच्या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, आणि तो साध्या सोनोग्राफीत बरेचदा दिसत नाही. मग डॉक्टर पुन्हा बोलावतात, कधी एमआरआय सांगतात. म्हणजे अजून एक-दोन अर्ज येणार, हे धरून चाला.

पगाराचं काय? 2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा जिथे लागू आहे, तिथे वर्षाला 8 पगारी नैमित्तिक रजा द्याव्याच लागतात. पाळीची वेगळी रजा त्यात नाही. मुंबईतल्या कल्चर मशीन कंपनीने 2017 मध्ये पाळीच्या पहिल्या दिवशी पगारी रजा सुरू केली, ती स्वतःहून. आपलं दुकान लहान असेल आणि कायद्यात बसत नसेल, तर नियम आपणच ठरवायचा आणि माणूस कामावर घेतानाच सांगायचा.

मी तिचे दोन दिवस पगारी धरले, सोनोग्राफीच्या दिवशी पगार कापला नाही. आता तिचा मेसेज आदल्या संध्याकाळी येतो आणि सकाळी शटर उघडताना काउंटर रिकामा नसतो.