लेखांक ६ : चुकीच्या उत्तरामागची रीत

मागच्या आठवड्यात पियाजेच्या अवस्थांवरचे सरळ प्रश्न पाहिले. ते स्मरणाचे प्रश्न. वय आणि अवस्था यांची जोडी पाठ असली की गुण हातात पडतो. शिक्षक पात्रता परीक्षेच्या दोन्ही पेपरांत बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र या विभागाला १५० पैकी ३० गुण आहेत. त्यात खरी अडचण करणारे प्रश्न वेगळे असतात. ते वर्गातला एखादा प्रसंग सांगतात आणि ‘अशा वेळी शिक्षकाने काय करावे?’ असे विचारतात. चारही पर्याय कुठल्या ना कुठल्या शाळेत रोज वापरले जात असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला प्रत्येकच थोडा थोडा बरोबर वाटतो. ‘मुलांवर प्रेम दाखवणारा पर्याय निवडा’ हा सल्ला अशा वेळी हमखास दिला जातो. तो अपुरा आहे, आणि का अपुरा आहे हे एका प्रश्नावरून स्पष्ट होईल.

प्रश्न असा समजा. तिसरीतल्या मुलीने ४७ − २३ = २४ हे बरोबर सोडवले. पण ५२ − ३८ = २६, ६१ − २४ = ४३ आणि ७० − ४६ = ३६ अशी उत्तरे लिहिली. शिक्षकाने काय करावे? पहिला पर्याय, तिला वजाबाकीची आणखी वीस उदाहरणे सरावाला द्यावीत. दुसरा, चुका न दाखवता बरोबर उदाहरणाबद्दल शाबासकी द्यावी, म्हणजे आत्मविश्वास वाढेल. तिसरा, हातच्याची रीत फळ्यावर पुन्हा एकदा सावकाश समजावून सांगावी. चौथा, एक उदाहरण सोडवताना ती काय करते ते तिलाच बोलून दाखवायला सांगावे आणि त्यावरून पुढचे शिकवणे ठरवावे. पर्यायांकडे वळण्याआधी तिची उत्तरेच नीट वाचू. ५२ − ३८ मध्ये एककाच्या घरात २ आणि ८ आहेत, तिने ८ मधून २ वजा करून ६ लिहिले. ६१ − २४ मध्ये ४ मधून १, म्हणून ३. ७० − ४६ मध्ये ६ मधून ०, म्हणून ६. दशकाच्या घरात मात्र सगळीकडे बरोबर वजाबाकी आहे. म्हणजे ही मुलगी अंदाजाने आकडे लिहीत नाही. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा नियम ती न चुकता पाळते आहे. ४७ − २३ तिला जमले, कारण तिथे तिचा नियम आणि खरा नियम एकच उत्तर देतात.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये नेमका हाच विषय मांडला. वजाबाकीत चुकणाऱ्या मुलांचे पेपर तपासल्यावर त्यांना दिसले की बऱ्याच चुका विस्कळीत नसतात. मूल एक ठरावीक पण बिघडलेली रीत निष्ठेने चालवत असते, आणि ती रीत ओळखली तर पुढच्या उदाहरणाचे चुकीचे उत्तरही आधीच सांगता येते. मोठ्यातून लहान वजा करणे ही त्यांच्या यादीतली नेहमी भेटणारी रीत. भावी शिक्षकांसाठी त्यांनी संगणकावर एक खेळही केला होता. संगणक अशा मुलाची भूमिका घ्यायचा, आणि खेळणाऱ्याने त्याला उदाहरणे घालून त्याची रीत ओळखायची. ‘लहान संख्येतून मोठी वजा होत नाही’ हे वाक्य आपल्याकडे पहिली-दुसरीत सर्रास सांगितले जाते. ते ऐकलेल्या मुलाने २ मधून ८ जात नाहीत म्हणून ८ मधून २ काढले, तर त्याचा तर्क अगदीच टाकाऊ म्हणता येत नाही.

आता पर्याय पाहू. वीस उदाहरणांचा सराव ही रीत आणखी पक्की करील. सराव वाईट म्हणून पहिला पर्याय चूक ठरत नाही; आलेली बरोबर रीत सफाईदार व्हायला सराव लागतोच. इथे मात्र सरावाला घेतलेली गोष्टच चुकीची आहे. शाबासकीचा दुसरा पर्याय वाचायला गोड, पण मुलगी जिथे अडली आहे तिथे तो हातच लावत नाही. अनुभवी शिक्षक फसतात ते तिसऱ्या पर्यायावर. रीत पुन्हा समजावण्यात काय चूक, असे त्यांना वाटते, आणि प्रत्यक्षात अनेकदा त्याने काम होतेही. तरी त्यात एक उणीव राहते. दुसऱ्या एखाद्या मुलाची याच उदाहरणांची उत्तरे २४, ४७ आणि ३४ अशी आली, तर तो हातचा घेतो, पण घेतल्यावर दशकातून एक कमी करायला विसरतो. तिसऱ्याने ७० − ४६ = ३० लिहिले, तर शून्यातून काही जात नाही म्हणून शून्यच, असे त्याचे मत दिसते. तिघांनाही फळ्यावरचे तेच स्पष्टीकरण दिले, तर दुसऱ्याला त्याला आधीच येणारा भाग पुन्हा ऐकावा लागेल आणि पहिलीला आपली रीत का चालत नाही हे कळणारच नाही.

यातून पर्याय तपासायची एक कसोटी हाती येते, आणि मला ती शब्दांच्या गोडव्यापेक्षा भरवशाची वाटते. मुलाच्या चुकीचे कारण वेगळे निघाले असते, तर या पर्यायातली शिक्षकाची कृती बदलली असती का, असे स्वतःला विचारावे. वीस उदाहरणे, शाबासकी, फळ्यावरचे स्पष्टीकरण या तिन्ही कृती कारण काहीही असले तरी तशाच राहतात. फक्त चौथ्या पर्यायात पुढचे पाऊल मुलीच्या बोलण्यावर अवलंबून आहे. उत्तरपत्रिकेवरून रीत कळलीच होती, मग विचारायचे कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण कागदावर रीत दिसते, तिचे कारण दिसत नाही. ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन एकक हेच तिला उमगले नसेल, तर दहा-दहा काड्यांच्या गठ्ठ्यांपासून सुरुवात करावी लागेल. ते उमगले असेल आणि गठ्ठा सोडून सुट्या काड्या करता येतात एवढेच सुचत नसेल, तर पाच गठ्ठे आणि दोन काड्या पुढ्यात ठेवून ‘यातून आठ काड्या दे’ म्हटले की बारा काड्या तिच्यासमोर येतील. हातचा माहीत असूनही कंटाळ्याने टाळत असेल, तर आलेले २६ आणि ३८ मिळवून बघायला सांगावे. बेरीज ६४ येते, ५२ नाही, आणि चूक तिची तिलाच सापडते.

‘मुलाला स्वतः शोधू द्यावे, शिक्षकाने मध्ये पडू नये’ असा पर्यायही पेपरांत वारंवार येतो, आणि बालकेंद्री शिक्षणाचे नाव ऐकलेले उमेदवार त्यावर पटकन खूण करतात. आपली कसोटी तोही नापास करते, कारण मूल कुठे अडले याच्याशी त्या माघारीचा काही संबंध नसतो. वायगॉट्स्कीच्या मांडणीशीही तो जुळत नाही. मूल आज एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, यांच्यामधल्या अंतराला त्याने निकट विकासाचे क्षेत्र म्हटले, आणि त्या अंतरात मदत हवीच असते. अशा मदतीसाठी ‘स्कॅफोल्डिंग’ हा शब्द वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखातून रूढ झाला. गाईडांत तो बिनदिक्कत वायगॉट्स्कीच्या नावावर टाकलेला दिसतो. मूल सावरू लागले की ही मदत काढून घ्यायची असते, म्हणून ‘हळूहळू आधार कमी करणे’ असे शब्द ज्या पर्यायात असतील त्याकडे दोनदा पाहावे.

उलट बाजूला, लेबल लावणारे पर्याय असतात. दुसरीतला मुलगा ‘बावन्न’ ऐकून २५ लिहितो, असा प्रश्न आला की ‘अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी तज्ज्ञाकडे पाठवावे’ हा पर्याय मोठा जबाबदार वाटतो. पण मराठीत बावन्न म्हणताना आधी दोनाचा बोध होतो आणि मग पन्नासाचा. ऐकण्याच्या क्रमाने लिहिले तर २५ च होतात. कन्नड किंवा तेलुगूत दशक आधी बोलला जातो, तिथे ही अडचण अशा रूपात येत नाही. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस या वाचनाबरोबर ‘वीस एक’ असेही वाचन दिले, तेव्हा उठलेला वाद अनेकांना आठवत असेल. त्या बदलामागे हेच निरीक्षण होते. बदल आवडो न आवडो, मुलाच्या चुकीचे साधे, भाषेतले कारण समोर असताना थेट तज्ज्ञाकडे पाठवणारा पर्याय उतावळा ठरतो. ‘बावन्न’ गठ्ठ्यांत मांडून दाखवायला सांगणारा पर्याय शेजारी असेल, तर उत्तर तेच.

या सगळ्यावर शिक्षकांचा नेहमीचा आक्षेप असा की चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला ‘कसे केलेस?’ विचारायला वेळ कुठून आणायचा. शिक्षण हक्क कायद्यातले पहिली ते पाचवीचे प्रमाण तीस मुलांमागे एक शिक्षक असे आहे, हे सांगून हा आक्षेप मिटत नाही, कारण दोन-दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शाळा आहेतच. पण चौथ्या पर्यायाला चाळीस मुलाखती लागत नाहीत. चार उदाहरणे नीट निवडली की वह्यांचे तीन-चार ढीग आपोआप पडतात, प्रत्येक ढिगातल्या एका-दोघांशी बोलले तरी त्या ढिगाचे काम ठरते. उदाहरणे निवडताना मात्र डोके वापरावे लागते. सगळी ४७ − २३ सारखी बिनहातच्याची दिली, तर वरची मुलगी पैकीच्या पैकी गुण मिळवील आणि कुणाला पत्ता लागणार नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. शास्त्राला धरून उत्तर दिले आणि उत्तरसूचीत भलतेच असले तर? याची शक्यता आहे, आणि सर्वांत ठळक उदाहरण अध्ययनशैलींचे. मूल दृश्य शैलीचे, श्राव्य शैलीचे की कृतीतून शिकणारे हे ओळखून त्याच शैलीत शिकवावे, असे सांगणारी गाईडे ढिगाने आहेत. पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या दाव्याच्या पुराव्यांचा आढावा घेतला, आणि शैलीनुसार शिकवल्याने शिकणे सुधारते असे म्हणण्याजोगा पुरावा त्यांना सापडला नाही. तरीही प्रश्न ‘दृश्य शैलीच्या विद्यार्थ्यासाठी कोणते साधन उपयुक्त?’ असा थेट असेल, तर तक्ता किंवा चित्र हेच उत्तर द्यावे. तिथे विचारणाऱ्याची चौकट स्पष्ट आहे आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नसले तरी मिळणारा गुण सोडण्यात अर्थ नाही. प्रश्न ‘सर्व मुलांना आशय पोहोचावा म्हणून काय करावे?’ असा असेल, तर प्रत्येकाची शैली ठरवणाऱ्या पर्यायापेक्षा एकच आशय काड्या, चित्र आणि शब्द अशा निरनिराळ्या रूपांत सगळ्यांपुढे ठेवणारा पर्याय घ्यावा. अंतरिम उत्तरसूचीत तो चूक दाखवला गेला, तर परीक्षा परिषदेने दिलेल्या मुदतीत आक्षेप नोंदवता येतो. त्याला जोडायचा पुरावा गाईडचा नसावा, डी.एल.एड.चे अधिकृत पाठ्यपुस्तक किंवा मूळ संशोधनाचा संदर्भ असावा. पुढच्या आठवड्यात सातत्यपूर्ण मूल्यमापनावरचे प्रश्न घेऊ. तिथे ‘नोंद’ आणि ‘गुण’ यांची गल्लत करणारे पर्याय भरपूर भेटतात.