इंट्रो हवा की नको? आधी नाणं उडवा

यूट्यूबवर रेसिपीचे व्हिडिओ टाकणाऱ्यांना हमखास पडणारा प्रश्न म्हणजे सुरुवातीला चॅनेलचं नाव आणि संगीत असलेला सात सेकंदांचा इंट्रो ठेवावा, की कढईतल्या फोडणीपासून थेट सुरुवात करावी? अशा थेट सुरुवातीला ‘कोल्ड ओपन’ म्हणतात. बहुतेक जण एक व्हिडिओ इंट्रोशिवाय टाकतात, तो चालला की इंट्रोला दोष देतात. पण तो व्हिडिओ गणपतीच्या आठवड्यातल्या उकडीच्या मोदकांचा असेल, तर श्रेय कोणाचं?

थंबनेलची तुलना यूट्यूब स्वतःच करून देतं; एकाच व्हिडिओच्या दोन सुरुवाती मात्र अशा तपासता येत नाहीत. म्हणून कसोटी अनेक व्हिडिओंवर घ्यावी लागते. समजा, बारा व्हिडिओ ठरले आहेत. त्यांच्या सहा जोड्या लावा: भाजीसोबत भाजी, गोडासोबत गोड, लांबीही साधारण सारखी. मग प्रत्येक जोडीत इंट्रो कोणाला द्यायचा, ते नाणं उडवून ठरवा. हे स्वतःच्या मनाने ठरवू नये, कारण हातून नकळत चांगला व्हिडिओ आवडत्या बाजूला जातो. कोल्ड ओपनमध्ये इंट्रो नंतरही येता कामा नये. तो बाराव्या सेकंदाला आला, तर तुम्ही इंट्रोची जागा तपासता, त्याची गरज नव्हे.

मोजायचं काय, हे पहिला व्हिडिओ टाकण्याआधीच लिहून ठेवा. यूट्यूब स्टुडिओतल्या रिटेन्शनच्या आलेखात तिसाव्या सेकंदाला किती टक्के प्रेक्षक उरले, हे दिसतं. पण इंट्रोवाल्या व्हिडिओत तोवर तेवीसच सेकंदांचा स्वयंपाक झालेला असतो. आपला प्रश्न ‘पाककृतीपर्यंत किती जण पोहोचले’ असा असेल, तर इंट्रोवाल्याचा आकडा सदतिसाव्या सेकंदाला घ्यावा आणि दुसऱ्याचा तिसाव्या. ती सात सेकंदं ही इंट्रोचीच किंमत आहे, ती त्याच्याच खाती पडायला हवी.

प्रत्येक व्हिडिओचा आकडा अपलोडनंतर बरोबर चौदाव्या दिवशी नोंदवा. बाराही व्हिडिओंचे व्ह्यूज एकत्र करू नका. एखादा खूप पसरला की त्याचाच आवाज ऐकू येतो. जोडीजोडीने विजेता ठरवा आणि प्रेक्षक कुठून आले, तेही पाहा. होम पेजवरून आलेला अनोळखी माणूस लवकर उठतो, सबस्क्रायबर टिकतो. जोडीतल्या दोघांचं हे प्रमाण फार वेगळं असेल, तर तो निकाल कच्चा समजा.

सहाही जोड्यांत कोल्ड ओपन जिंकला, तर मानायला हरकत नाही: निव्वळ योगायोगाने तसं चौसष्टात एकदाच घडतं. पाच किंवा अधिक जोड्या जिंकण्याची शक्यता मात्र योगायोगानेही चौसष्टात सात. चार-दोन निकाल आला, तर काहीच ठरलेलं नसतं. अशा वेळी आणखी सहा जोड्या लावा, इंट्रोला इतक्यात हात लावू नका.