जाहिरातीआधीची अर्ध्या सेकंदाची शांतता

जपानच्या खासगी वाहिन्यांवर एक जाहिरात संपून दुसरी सुरू होते तेव्हा मधे सुमारे एक सेकंद काहीही ऐकू येत नाही. पाहणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही, कारण चित्र थांबत नाही. आधीच्या जाहिरातीतली बाटली अजून पडद्यावर असते, मग पुढच्या जाहिरातीतली गाडी येते. आवाज मात्र तेवढा वेळ पूर्ण बंद असतो. तिथल्या जाहिरात-व्यवसायाचा हा जुना दंडक आहे. प्रत्येक जाहिरातीच्या सुरुवातीला अर्धा सेकंद आणि शेवटी अर्धा सेकंद आवाज ठेवायचा नाही. म्हणजे पंधरा सेकंदांच्या जाहिरातीत आवाज चौदाच सेकंदांचा. एका जाहिरातीची शेपटी आणि दुसरीचं तोंड जोडलं की एक सेकंदाची शांतता तयार होते, आणि एक जाहिरात जाऊन दुसरी लागताना कुणाचा शेवटचा शब्द अर्धवट तुटत नाही.

प्रक्षेपणाच्या सोयीसाठी पाळलेली ही शिस्त घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या पथ्यावर पडली. रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमातून जाहिराती कापून काढायच्या तर संगणकाला 'जाहिरात' ओळखता यायला हवी, असं आपल्याला वाटतं. पण साबण विकणारी नटी आणि मालिकेतली नायिका यांत संगणकाला काही फरक दिसत नाही. त्याची गरजही नाही. जाहिरात कशाची आहे हे न कळताही ती कुठे जोडली आहे ते सापडू शकतं. शोधायचे ते सांधे.

पहिली खूण शांततेची. एफएफएमपेग या मोफत प्रणालीत त्यासाठी तयार गाळणी आहे:

```
ffmpeg -i in.ts -af silencedetect=noise=-50dB:d=0.4 -f null -
```

इथे `-50dB` ही पातळी म्हणजे आवाजाच्या कमाल उंचीच्या सुमारे तीनशेव्या हिश्शाइतकी. त्याखाली सलग 0.4 सेकंद गेले तर त्याला शांतता म्हणायचं. हे दोन आकडे आपण दिले नाहीत तर ही गाळणी स्वतःचे आकडे वापरते, आणि त्यात किमान लांबी दोन सेकंदांची असते. एक सेकंदाचे सांधे मग एकही सापडत नाहीत आणि नवखा माणूस 'हे चालतच नाही' म्हणून सोडून देतो. 0.4 ठेवण्याचं कारणही साधं आहे. कार्यक्रमातून पहिल्या जाहिरातीत जाताना कार्यक्रमाच्या बाजूला शांतता असेलच असं नाही. हशा, टाळ्या, संगीत चालू असतानाच ब्रेक येतो. तिथे फक्त जाहिरातीच्या बाजूचा अर्धा सेकंद हाताशी असतो.

पण शांतता कार्यक्रमातही असतेच. रहस्यकथेत दार उघडण्याआधी, विनोदी कार्यक्रमात कुणी भलतंच बोलून गेल्यावर. म्हणून दुसरी खूण पाहायची, दृश्यबदलाची. एक फ्रेम आणि तिच्या मागची फ्रेम यांच्यात किती फरक पडला याला शून्य ते एक असे गुण दिले जातात. माणूस मान वळवतो तेव्हा गुण कमी, एका जागेवरून चित्र एकदम दुसऱ्या जागी उडी मारतं तेव्हा जास्त. 0.3 ते 0.5 यांच्या दरम्यान कुठेतरी उंबरठा ठेवला की सहसा जमतं:

```
ffmpeg -i in.ts -vf "select='gt(scene,0.3)',showinfo" -an -f null -
```

एकट्या दृश्यबदलाचा उपयोग त्याहून कमी. अर्ध्या तासाच्या जपानी ॲनिमेशन मालिकेत असे तीनेकशे बदल सहज निघतात. पण शांतता चालू असताना, तिच्या पोटातच दृश्यबदल झाला, असं म्हटलं की ती यादी एकदम आक्रसते. शिवाय दोन जाहिरातींच्या मधला दृश्यबदल शांततेच्या साधारण मध्यावर पडतो, आणि कार्यक्रमातून जाहिरातीत जाताना बऱ्याचदा शांततेच्या सुरुवातीलाच. त्यामुळे शोध शांततेच्या थोडं अलीकडे-पलीकडेही घ्यावा लागतो, नाहीतर नेमका ब्रेकचा आरंभ निसटतो. जपानी हौशी मंडळींमध्ये `chapter_exe` नावाचं छोटंसं साधन प्रचलित आहे, ते हेच करतं: आधी शांतता शोधायची, मग तिच्या आत दृश्यबदल.

तिसरी खूण मला सगळ्यांत आवडते, कारण ती शुद्ध अंकगणिताची आहे. जपानी जाहिरात पंधरा सेकंदांची किंवा तिच्या पटीतली असते. पंधरा, तीस, क्वचित साठ. समजा, एका रेकॉर्डिंगमध्ये शांतता आणि दृश्यबदल दोन्ही जुळलेल्या जागा अशा निघाल्या: 7 मिनिटं 21.6 सेकंद, मग 9:58.2, 10:13.2, 10:31.0, 10:43.2, 10:58.2 आणि 11:28.2. पहिल्या दोन जागांमध्ये अंतर 156.6 सेकंदांचं. ही पंधराची पट नव्हे. त्यामुळे 7:21.6 ही कथेतली शांतता असावी. पुढे 9:58.2 पासून 10:13.2 पर्यंत बरोबर पंधरा. तिथून 10:31.0 पर्यंत 17.8, म्हणजे हा एखाद्या जाहिरातीच्या आतला विराम. तो वगळून 10:43.2 पर्यंत मोजलं तर बरोबर तीस. मग पंधरा, मग पुन्हा तीस. नव्वद सेकंदांचा ब्रेक चार जाहिरातींसह समोर उभा राहतो आणि आपण पडद्यावर एकही चित्र पाहिलेलं नसतं.

यात योगायोगाला जागा किती? जपानी प्रक्षेपणात सेकंदाला तीस नव्हे, 29.97 फ्रेम असतात. त्यामुळे पंधरा सेकंदांत 449.55 फ्रेम येतात, म्हणजे कधी 449, कधी 450. म्हणून अचूक जुळणी मागायची नाही, दोन्ही बाजूंना दोन-दोन फ्रेमची सूट द्यायची. साडेचारशेपैकी पाच फ्रेम चालतील असं धरलं तर एखादी भलती शांतता योगायोगाने पटीत बसण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास राहते. ओळीने तीन-चार अंतरं पटीत बसली की शंका उरत नाही.

मात्र या हिशेबाला एक जबरदस्त चकवा आहे, आणि तो जाहिरातीचा नाही. ॲनिमेशन मालिकेचं शीर्षकगीत सहसा नव्वद सेकंदांचं असतं, शेवटचं गीतही तेवढंच. नव्वद म्हणजे सहा गुणिले पंधरा. गाण्याआधी क्षणभर शांतता, गाण्यानंतर क्षणभर शांतता, दोन्ही ठिकाणी चित्र बदललेलं. शांतता, दृश्यबदल आणि अंकगणित या तिघांच्याही मते ते गाणं म्हणजे जाहिरातच. आंधळेपणाने कापलं तर मालिकेची दोन्ही गाणी ब्रेकबरोबर कचऱ्यात जातात.

इथे चौथा साक्षीदार बोलवावा लागतो, तो म्हणजे वाहिनीचं बोधचिन्ह. जपानी वाहिन्या कार्यक्रम चालू असताना पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात आपलं अर्धपारदर्शक चिन्ह दाखवतात आणि जाहिरात लागली की काढून घेतात. ते चिन्ह संगणकाला एकदा शिकवावं लागतं. कोपऱ्यातल्या हजारो फ्रेमची सरासरी काढली की मागची बदलती चित्रं एकमेकांत विरून जातात आणि न बदलणारं चिन्ह वर येतं. मग प्रत्येक फ्रेममध्ये ते आहे का, हे तपासायचं. पण हा साक्षीदार ढिला आहे. मागे पांढरं आभाळ आलं की पांढरट चिन्ह दिसेनासं होतं. ब्रेकनंतर ते लगेच न येता हळूहळू उमटतं. त्यामुळे त्याच्या भरवशावर कापलं तर कार्यक्रमाचे पहिले दोन-तीन सेकंद जाऊ शकतात. म्हणून कामाची वाटणी करायची: कोणता तुकडा कार्यक्रमाचा हे चिन्हाने सांगायचं, आणि तो नेमका कोणत्या फ्रेमवर सुरू होतो हे शांततेने. गाण्यावर चिन्ह असतं, त्यामुळे गाणं वाचतं. `join_logo_scp` हे साधन नावाप्रमाणे या दोन याद्या जोडतं आणि काय ठेवायचं ते ठरवतं.

एवढं करूनही प्रायोजकांची पाटी उरतेच. 'हा कार्यक्रम अमुक-तमुक यांच्या सौजन्याने' असं सांगणारे ते काही सेकंद कार्यक्रमाच्याच चित्रावर झळकतात, अनेकदा चिन्हासकट. ते ठेवायचे की काढायचे हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न. मी ठेवीन. वीस वर्षांनी त्या यादीतल्या किती कंपन्या शिल्लक आहेत हे पाहायला मजा येईल.

रेकॉर्डिंगच बिघडलेलं असेल तर सगळा हिशेब कोलमडतो. वादळी पावसात अँटेनाचा सिग्नल तुटला की चित्राचे किंवा आवाजाचे काही तुकडे गळतात आणि दोघांची सांगड सुटते. हे ओळखता येतं. एका जागेपर्यंत दृश्यबदल शांततेच्या मध्यावर पडत असतात आणि तिथून पुढे प्रत्येक सांध्यावर तेवढ्याच फ्रेमनी बाजूला सरकलेले दिसतात. अशा वेळी उंबरठे बदलत बसण्यात अर्थ नाही, दोष फाइलमध्ये असतो.

हीच युक्ती मराठी वाहिनीच्या रेकॉर्डिंगवर चालवली तर निकाल इतका साफ येत नाही. आपल्याकडे जाहिरातीचा दर दहा सेकंदांवर ठरतो, पण जाहिराती पाचाच्या पटीतही येतात. मोजपट्टी पंधरावरून पाचावर आणली की योगायोगाची शक्यता तिप्पट होते. त्यातच एका जाहिरातीचं संगीत संपतं न संपतं तोच दुसरीचं सुरू होतं, शांतता फारशी मिळत नाही. आणि मालिका चालू असतानाच पडद्याच्या कडेला सरकत येणारी जाहिरातपट्टी तर कापताच येत नाही, कारण ती वेळेत नसून चित्रातच असते.

जागा सापडल्या तरी कात्री लावणं हे वेगळं काम आहे. डिजिटल प्रक्षेपणात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. जपानी प्रक्षेपणात साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण फ्रेम येते आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल नोंदलेले असतात. चित्र पुन्हा न बनवता सरळ कापायचं तर पूर्ण फ्रेमवरच कापता येतं. मग कार्यक्रमाच्या तोंडाला जाहिरातीचे चार-सहा फ्रेम चिकटून राहतात, डोळ्यांपुढे नुसती एक चमक येऊन जाते. अगदी नेमकं कापायचं तर निदान सांध्याजवळचं चित्रण उलगडून पुन्हा आवळावं लागतं, त्यात वेळही जातो आणि थोडी स्पष्टताही. अव्हिसिंथ या संपादन-प्रणालीत वरच्या उदाहरणातला ब्रेक असा निघेल:

```
Trim(0,17927) ++ Trim(20625,0)
```

दुसऱ्या कंसातल्या शून्याचा अर्थ 'शेवटपर्यंत'. 17928 ही 9:58.2 ला सुरू होणारी फ्रेम, 20625 ही 11:28.2 ची. अनुभवी लोक ही ओळ लगेच चालवत नाहीत. आधी या जागा नुसत्या प्रकरणांच्या खुणा म्हणून फाइलला जोडतात, एकेका खुणेवर उडी मारून दोन सेकंद पाहतात आणि शीर्षकगीत जागच्या जागी आहे याची खात्री करतात. जपानमधले घरगुती रेकॉर्डरही बहुधा एवढ्यावरच थांबतात. ते स्वतःहून खुणा घालतात, आणि पुढे उडी मारण्याचं बटण दाबायचं की नाही ते पाहणाऱ्यावर सोडतात.